नव्या बॅचची खरी जाहिरात

क्लासच्या जाहिरातीतून '100 टक्के निकाल' आधी काढून टाका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवडीची हमी देता येत नाही. गुणवंताचा फोटो लावायचा, तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी. त्याने कोणता कोर्स किती काळ केला, तेही सांगावे लागते. एखादी मुलगी फक्त सराव चाचण्यांना आली असेल, तर सगळे श्रेय क्लासने घेणे ही पालकांची फसवणूकच.

मग बोलायचे काय? असे:

"एमएचटी-सीईटीची नवी बॅच सोमवारपासून. बॅचमध्ये 30 मुले, दर रविवारी चाचणी. निकालाची हमी आम्ही देत नाही. आधी दोन तास बसून बघा, मग ठरवा."

फी परत मिळण्याचा नियमही इथेच सांगा.