शंभर पानांची स्मरणिका, रेट काय?

‘नमस्कार दादा, स्मरणिका छापायची आहे. साधारण शंभर पानं, हजार प्रती. थोडं कलर, कागद चांगला. रेट सांगा, जरा अर्जंट आहे.’

वाचनालय, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, गणेश मंडळ, ज्ञातिसंस्था, कुठेही वर्धापनदिन जवळ आला की असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवरून तीन छापखान्यांना जातो. एक जण लिहितो, ‘62 पासून सुरू.’ दुसरा लिहितो, ‘85 होतील, जीएसटी वेगळा.’ तिसरा म्हणतो, ‘या एकदा, बसून बोलू.’ आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, उत्तरांची तऱ्हा मात्र खरी आहे. समितीच्या बैठकीत 62 वाला पसंत पडतो आणि तिसऱ्याला ‘दर सांगायला टाळतो’ म्हणून बाद केलं जातं. खरं तर तिघांत प्रामाणिक उत्तर त्याचंच असतं. एवढ्या माहितीवर दर सांगता येतच नाही.

पहिल्या दोघांनीही फसवलेलं नसतं. मेसेजमध्ये जे नव्हतं ते त्यांनी आपापल्या मनाने भरून घेतलं. 62 वाल्याने पातळ कागद, सगळी पानं काळी-पांढरी आणि लॅमिनेशन नसलेलं मुखपृष्ठ धरलं. 85 वाल्याने जाड कागद, सोळा रंगीत पानं आणि वरून लॅमिनेशन धरलं. म्हणजे 23 रुपयांचा फरक दोन दुकानदारांमधला नसून दोन वेगळ्या पुस्तकांमधला आहे. ही गोष्ट समितीला कळते ती बहुधा गठ्ठे आल्यावर किंवा ‘हे त्यात नव्हतं’ असं सांगणारं बिल आल्यावर.

म्हणून दर मागण्याआधी एकाने बसून गटातलं सगळं संभाषण वर-खाली वाचून काढावं. ठरलेलं काय, नुसतंच कुणीतरी बोलून गेलेलं काय आणि ज्याचा विचारच झालेला नाही असं काय, हे त्यातून वेगळं करावं. हजार प्रती हे बहुधा ठरलेलं असतं. ‘थोडं कलर’ हे बोलून गेलेलं असतं. बांधणीबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नसतो.

सगळ्यात आधी ‘साधारण शंभर पानं’ बघा. छापखान्यात पुस्तक फर्म्यांनी मोजतात. या आकाराचा एक फर्मा सहसा सोळा पृष्ठांचा असतो: मोठ्या कागदावर सोळा पृष्ठं छापायची, घडी घालायची आणि कापायची. सहा फर्म्यांची 96 पृष्ठं होतात, सातांची 112. शंभर म्हटलं की सहा फर्मे पूर्ण आणि वर चार पृष्ठांचं शेपूट. त्या चार पृष्ठांसाठी वेगळी प्लेट, यंत्राची वेगळी जुळवाजुळव आणि बांधणीत वेगळी उठाठेव. दोन शुभेच्छा संदेश गाळले की हा खर्च वाचतो, पण ते दर मागण्याआधी ठरायला हवं. शिवाय मुखपृष्ठाची चार पृष्ठं त्यात धरली आहेत की नाहीत, तेही स्पष्ट लिहावं लागतं.

‘थोडं कलर’चंही तसंच. रंगीत फोटो पुस्तकभर विखुरले, एक नवव्या पृष्ठावर, एक चाळिसाव्यावर, एक सत्तराव्यावर, तर ते ज्या ज्या फर्म्यात येतील तो प्रत्येक फर्मा चार रंगांत छापावा लागतो. सगळे फोटो एकाच सोळा पृष्ठांच्या फर्म्यात आणले की एकच फर्मा रंगीत होतो आणि तेवढ्यालाच गुळगुळीत आर्ट पेपर वापरता येतो. संपादकाला हे आवडणार नाही, कारण अध्यक्षांचा फोटो त्यांच्या मनोगताशेजारी राहत नाही. पण खर्चातला मोठा फरक इथेच पडतो, आणि तो निर्णय समितीचा आहे. तो छापखान्यावर सोपवू नये.

तिसरी अडचण खास मराठी मजकुराची. गटात कुणीतरी बिनधास्त लिहितं, ‘मॅटर रेडी आहे.’ समितीच्या लेखी रेडी म्हणजे वर्डची फाइल आणि काही हस्तलिखितं. छापखान्याच्या लेखी रेडी म्हणजे पानं लावून, फॉन्ट आत बसवून तयार केलेली पीडीएफ. या दोन टोकांमध्ये अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं सगळं काम पडलेलं असतं. मजकूर युनिकोडमध्ये आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा असला, तर रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडू शकतात आणि अख्खा मजकूर पुन्हा तपासावा लागतो. हे काम कोण करणार आणि त्याचे पैसे दरात आहेत का, याचं उत्तर ‘रेट सांगा’मध्ये कुठेच नसतं.

एवढं ठरल्यावर मेल लिहायला अर्धा तासही लागत नाही. आपल्या वाचनालयाची मेल साधारण अशी होईल:

विषय: स्मरणिका छपाई, 1000 प्रती, कोटेशन शुक्रवार, 4 डिसेंबर 2026, संध्याकाळी 5 पर्यंत

महोदय,
आमच्या वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या छपाईसाठी आपले कोटेशन हवे आहे. तपशील असा:

आकार: 5.5 × 8.5 इंच (डेमी अष्टमांश), उभा.
आतली पृष्ठे: 96. त्यांपैकी 80 एकरंगी, 70 जीएसएम मॅपलिथोवर. 16 चाररंगी, 130 जीएसएम आर्ट पेपरवर, सलग एकाच फर्म्यात.
मुखपृष्ठ: वेगळी 4 पृष्ठे, 250 जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून चाररंगी व मॅट लॅमिनेशन, आतून कोरे.
बांधणी: फर्मे शिवून मग मुखपृष्ठ चिकटवणे.
आम्ही देणार: छपाईसाठी तयार पीडीएफ, 14 डिसेंबरला. अक्षरजुळणी आपल्याकडे नाही.
आपण देणार: मुखपृष्ठ व रंगीत फर्म्याचे कागदावरचे प्रूफ. छपाई आमच्या सहीनंतरच.
दर: 1000 प्रतींचा, तसेच त्याच छपाईत पुढच्या प्रत्येक 100 प्रतींचा.
पोच: 15 जानेवारी 2027 पर्यंत, वाचनालयात.

कागद व छपाई, बांधणी, वाहतूक आणि जीएसटी यांचे आकडे वेगळे दाखवून शेवटी एकूण रक्कम लिहावी. आगाऊ रक्कम किती लागेल तेही कळवावे. दर 31 डिसेंबरपर्यंत कायम असावा. शंका 2 डिसेंबरपर्यंत याच मेलवर विचाराव्यात. उत्तर सर्व छापखान्यांना एकाच वेळी पाठवू. काही वेगळे सुचवायचे असल्यास वरील तपशिलाचा दर आधी द्यावा आणि पर्याय त्याखाली स्वतंत्र लिहावा.

कार्यवाह, स्मरणिका समिती

यातल्या काही ओळी समितीला जास्तीच्या वाटतील. ‘पुढच्या प्रत्येक 100 प्रती’ ही त्यातली एक. ऑफसेट छपाईत प्लेट बनवणं आणि यंत्र लावणं हा खर्च पाचशे प्रतींना आणि हजार प्रतींना तितकाच असतो. यंत्र चालू असताना निघणाऱ्या जादा शंभर प्रतींना मुख्यतः कागद, शाई आणि बांधणी एवढाच खर्च येतो. समारंभानंतर ‘आणखी शंभर द्या’ म्हटलं की सगळी मांडामांड पुन्हा करावी लागते आणि त्या शंभर प्रती महाग पडतात. हा आकडा आधी हाताशी असला तर प्रती किती काढायच्या याचा निर्णय डोळसपणे होतो.

दुसरी ओळ बांधणीची. शिवण नको, नुसतं चिकटवा म्हटलं तर पैसे वाचतात. पण डिंक कमी पडला किंवा पुस्तक पुरतं उघडून ठेवलं की पानं सुटतात, आणि आर्ट पेपरची आधी सुटतात. स्मरणिका कपाटात पन्नास वर्षं राहावी अशी इच्छा असेल तर मी शिवणीचाच आग्रह धरेन. दोन्ही दर मागवायलाही हरकत नाही, मात्र ते दोन वेगळ्या ओळींत मागवा.

मुदतीत तारीख, वार आणि वेळ तिन्ही असावेत. ‘लवकरात लवकर’ला कुणी बांधील नसतो. आणि ‘उद्यापर्यंत’ म्हटलं की छापखाना कागदवाल्याला भाव विचारत बसत नाही, अंदाजाने चढा आकडा टाकून मोकळा होतो. त्याला चार-पाच कामाचे दिवस द्या. दिवाळी अंकांच्या हंगामात आणखी द्या. दर किती दिवस कायम राहील हे विचारायला विसरू नका, कारण कागदाचे भाव बदलतात आणि समितीची बैठक पुढे ढकलली जाते.

मेल प्रत्येकाला स्वतंत्र पाठवावी, म्हणजे कोण कोण स्पर्धेत आहे ते एकमेकांना दिसत नाही. अनेक लहान छापखाने मेल रोज उघडत नाहीत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच कळवावं: ‘तपशील मेलवर पाठवला आहे, उत्तर तिथेच द्या.’ तिथे पुन्हा दराची चर्चा सुरू झाली की केलेलं काम पाण्यात. अर्थात शंभर व्हिजिटिंग कार्डांसाठी हा सगळा खटाटोप करू नये. तिथे फोन पुरतो.

उत्तरं आल्यावर ती एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडली की गाळलेल्या जागा लगेच दिसतात. कुणी वाहतूक लिहिलेली नसते, कुणी 70 जीएसएमऐवजी नुसतं ‘चांगला मॅपलिथो’ लिहिलेलं असतं. रिकाम्या घरात आपल्या अंदाजाचा आकडा भरू नका, त्यालाच लेखी विचारा. सगळ्यात कमी दर इतरांपेक्षा फारच खाली असेल, तर त्याने बहुतेक एखादी ओळ वाचलेली नसते. तो आनंदाने स्वीकारण्याआधी फोन करून तपशील त्याच्याकडून वदवून घ्या.

नेमक्या तपशिलाचा आणखी एक फायदा म्हणजे तो नंतर तपासता येतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आपल्या आकाराचं एक पान जवळपास 0.03 चौरस मीटर भरतं. 80 पृष्ठं म्हणजे 40 पानं, 70 जीएसएमने त्यांचं वजन सुमारे 84 ग्रॅम. रंगीत फर्म्याची 8 पानं 31 ग्रॅमची, मुखपृष्ठ 15 ग्रॅमचं. म्हणजे एक प्रत साधारण 130 ग्रॅमची व्हायला हवी. आतला कागद 60 जीएसएमचा वापरला असेल तर ती 118 ग्रॅमच्या आसपास भरेल. गठ्ठे आले की वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या दहा प्रती एकत्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. 1300 ग्रॅमच्या आगेमागे भरल्या तर ठीक, दोन-चार टक्के कागदात इकडे-तिकडे होतंच. 1200 च्या खाली गेल्या तर शेवटचा हप्ता देण्याआधी मेलची प्रत समोर ठेवून छापखान्याशी बोला.