मागे जायचं बटण

घरातल्या ज्येष्ठांसाठी फोन घ्यायचा म्हटलं की चर्चा कॅमेऱ्यावर आणि किमतीवर जाते. ज्यांना फोन लावायचे, उचलायचे आणि यूट्यूबवर कीर्तन, नाट्यगीतं, बातम्या बघायच्या, त्यांच्यासाठी मी आधी एकच गोष्ट बघतो. चुकून भलतीकडे गेल्यावर त्यांना परत कसं यायचं?

समजा, साताऱ्यात राहणारे चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा यूट्यूब बघताहेत. बोट जाहिरातीवर पडतं आणि समोर कुठलंतरी दुकान उघडतं. अँड्रॉइडवर खालच्या पट्टीत तीन बटणं ठेवता येतात. त्यातलं एक ‘मागे’ नेणारं. ते दाबत राहिलं की माणूस बहुतेक वेळा जिथून निघाला तिथे पोहोचतो, ॲप कुठलंही असो. आयफोनला असं सगळीकडे चालणारं बटण नाही. कुठे वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक बाण असतो, कुठे डाव्या काठावरून बोट सरकवावं लागतं, तर कुठे फुली शोधावी लागते. गोल होम बटण असलेला शेवटचा आयफोन, म्हणजे एसई, ॲपलने 2025 मध्ये बंद केला.

नव्या अँड्रॉइड फोनवरही ही बटणं कधी कधी लपवलेली असतात आणि बोट सरकवण्याची पद्धत चालू असते. सॅमसंगवर सेटिंग्ज, डिस्प्ले, नेव्हिगेशन बार या वाटेने जाऊन ‘बटन्स’ निवडायचं. व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर असताना पट्टी दिसेनाशी होते, तेव्हा काठावरून बोट आत सरकवलं की ती परत येते. हे आजोबांना हात धरून दोन-चार वेळा करून दाखवावंच लागतं.

दुसरी अडचण हाताची. वयामुळे बोट हलकं पडत नाही, स्क्रीनवर टेकून राहतं. फोनला वाटतं, मुद्दाम दाबून धरलंय. मग चिन्हं सरकतात, गायब होतात आणि ‘माझं व्हॉट्सॲप गेलं’ म्हणून मुलाला फोन येतो. सॅमसंगच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ दीड सेकंदापर्यंत वाढवता येतो, आणि होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये मांडणीला कुलूप लावता येतं. एवढं केलं की हे फोन जवळजवळ थांबतात. आयफोनमध्येही स्पर्शाची वेळ वाढवता येते. 2023 पासून त्यात ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ नावाची मोठ्या चिन्हांची सोपी मांडणीही आहे. फोन लावायला ती खरंच चांगली आहे. मात्र यूट्यूब, व्हॉट्सॲपसारखी बाहेरची ॲप तिच्यात जोडली तरी ती आतून बहुधा तशीच राहतात, आणि आजोबांचा वेळ तर तिथेच जातो.

एका बाबतीत मात्र आयफोन निःसंशय पुढे आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या चलनाच्या नावाने फाइल येते, जिचं नाव .apk ने संपतं. अँड्रॉइडवर ती उघडून परवानग्या दिल्या की बँकेचे ओटीपी चोराला दिसू लागतात. आयफोनवर अशी फाइल चालतच नाही. म्हणून अँड्रॉइड घेतलात तर पहिल्याच दिवशी ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ ही यादी उघडा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांपुढची परवानगी बंद आहे ना, ते बघा. सॅमसंगवर ‘ऑटो ब्लॉकर’ही चालू ठेवा. फोनवरून धमकावून पैसे उकळणाऱ्यांपुढे मात्र दोन्ही फोन सारखेच. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 ला फोन लावायचा, हा क्रमांक नावानिशी सेव्ह करून ठेवा.

मुलं परदेशात असतील आणि सगळ्यांकडे आयफोनच असतील, तर माझं मत बदलतं. आयओएस 18 पासून फेसटाइमवर बोलता बोलता मुलगी तिच्या फोनवरून आईच्या फोनची स्क्रीन स्वतः चालवू शकते. व्हॉट्सॲपवर स्क्रीन नुसती दिसते, बटण आईलाच शोधावं लागतं. रात्री दहाला सेटिंग बिघडलं आणि शेजारी कुणी नसलं, तर हा फरक फार मोठा ठरतो.

बाकी बहुतेक घरांत पंधरा-वीस हजारांचा, मोठ्या स्क्रीनचा आणि खणखणीत आवाजाचा अँड्रॉइड पुरतो. भारतात 2025 मध्ये आलेल्या आयफोन 16ई ची सुरुवातीची किंमत 59,900 रुपये होती. स्वस्त अँड्रॉइडचे सुरक्षा अपडेट लवकर थांबतात, तेव्हा ते किती वर्षं मिळणार हे दुकानात आधी विचारा. गॅलेक्सी ए16 5जी ला कंपनीने सहा वर्षांचं आश्वासन दिलेलं आहे. आणि पैसे देण्यापूर्वी फोन आजोबांच्या हातात द्या, यूट्यूब उघडायला सांगा आणि त्यांना एकट्याने मागे येता येतंय का ते बघा.