टाळ्यांच्या चिन्हापासून पत्रापर्यंत

आमच्या खात्याचा व्हॉट्सॲप ग्रुप २०१४ साली सुरू झाला. चाकणजवळच्या कारखान्यातलं गुणवत्ता खातं. माणसं तीन पाळ्यांत विखुरलेली, एकमेकांची तोंडंही धड न बघणारी. कोणाला बढती मिळाली किंवा कोणाची नोकरीची पाच-दहा वर्षं झाली की ग्रुपवर रांग लागायची. ‘अभिनंदन भावा’, ‘पार्टी कधी?’, टाळ्या, पुष्पगुच्छ, पुन्हा टाळ्या. संध्याकाळपर्यंत पन्नास-साठ संदेश, आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या आकड्यांखाली सगळे गाडले गेलेले.

मला तारेची आठवण व्हायची. तारखात्याकडे शुभेच्छांची ठराविक वाक्यं असायची आणि प्रत्येकाला क्रमांक असायचा. आपण नुसता क्रमांक सांगायचा, पलीकडे अख्खं वाक्य छापून मिळायचं. ती सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. पण तारेचा निदान कागद उरायचा. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत असे दोन कागद होते. ग्रुपवरचं काहीच उरत नव्हतं. म्हणून २०१५पासून मी ग्रुपवरच्या गप्पांतून प्रत्येकासाठी एक पत्र लिहायला लागलो. कारखानाप्रमुखांची सही, एक प्रत त्या माणसाला, एक त्याच्या नोंदींच्या फायलीत.

पहिल्या दोन-तीन वर्षांतली पत्रं आज वाचवत नाहीत. ‘आपण मेहनती, प्रामाणिक व कर्तव्यदक्ष आहात.’ नाव बदललं की तेच पत्र दुसऱ्याला चाललं असतं, आणि एकदा खरोखरच तसं झालं. दोन वेल्डरांनी जेवणाच्या सुट्टीत आपापली पत्रं शेजारी धरली. नाव आणि तारीख सोडून शब्द न् शब्द सारखा. त्यांनी मला काही म्हटलं नाही. पण दुसरं पत्र महिनाभर टेबलावरच पडून होतं, घरी गेलं नाही. त्यानंतर मी विशेषणं बाजूला ठेवली आणि घडलेली गोष्ट शोधायला लागलो.

गोष्ट बहुतेक वेळा ग्रुपवरच असते, फक्त अर्धवट. तपासणी विभागातल्या एका ताईंना दहा वर्षं झाली तेव्हाच्या गप्पा मी जपून ठेवल्या आहेत. सत्तेचाळीस संदेश होते. त्यातले चव्वेचाळीस टाळ्या, ‘अभिनंदन ताई’ आणि जिलेबीची मागणी. कामाचे तीन. एक: ‘ताई नसत्या तर तो ट्रक परत आला असता.’ दुसरा: ‘ताईंची वही!’ आणि पुढे हसरा चेहरा. तिसरा: ‘घर सांभाळून एवढं करतात, सलाम.’

तिसरा मी सोडून दिला. घर मीही सांभाळतो, पण माझ्या बढतीच्या वेळी ते कोणी लिहिलं नव्हतं. कामाच्या पत्रात बाईंच्या घराची दखल आली की कामाची दखल तेवढी कमी होते, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या संदेशासाठी मी लिहिणाऱ्याला फोन केला. कुठला ट्रक? तो म्हणाला, ‘२०१६चा पाऊस. माल गंजला होता.’ पाठवणीचं रजिस्टर काढलं तर नोंद जुलै २०१७ची निघाली. माणसं प्रसंग पक्का लक्षात ठेवतात, साल मात्र जवळपासचं सांगतात. म्हणून नोंद पाहिल्याशिवाय मी साल लिहीत नाही. प्रसंग असा होता. ट्रक भरून झाला होता, कागदपत्रांवर सह्या झाल्या होत्या. ताईंना एका खोक्याचा पुठ्ठा हाताला ओलसर लागला. त्यांनी खोकी उघडायला लावली. गंजरोधक कागद नीट गुंडाळला गेला नव्हता आणि भागांच्या कडांवर तांबूस डाग धरायला लागले होते. अख्खा ट्रक उतरवला, रातोरात माल पुसून पुन्हा बांधला आणि सकाळी रवाना केला.

वही म्हणजे ताईंची दोनशे पानी वही. प्रत्येक भागाचं हाताने काढलेलं चित्र आणि त्यावर दोष कुठे येतो ती जागा लाल पेनाने. नवीन आलेली मुलं छापील मानकाआधी ती वही बघतात.

मग पत्र लिहिलं. ग्रुपवर सगळे ‘ताई, तू’ म्हणत होते, पत्रात ‘तुम्ही’ आलं. ‘आपण’ लिहिलं असतं तर निमंत्रणपत्रिका वाटली असती. ते असं होतं:

‘तुम्हाला इथे आज दहा वर्षं झाली. जुलै २०१७मध्ये भरलेला ट्रक तुम्ही एका ओलसर पुठ्ठ्यावरून थांबवलात, तीन खोकी उघडून गंज दाखवून दिलात आणि माल पुन्हा बांधून होईपर्यंत रात्रभर थांबलात. त्या दिवसापासून पावसाळ्यात पाठवणीआधी खोकी उघडून बघायची पद्धत पडली, ती आजही चालू आहे. तुमच्या वहीवरून शिकलेली मुलं आता दुसऱ्यांना शिकवतात. अभिनंदन, आणि मनापासून आभार.’

कागद नीट गुंडाळला नव्हता हे त्यात नाही. ते काम दुसऱ्या विभागाचं होतं. त्याआधी एका पत्रात मी असा दोष उघड लिहिला होता. अभिनंदन एकाचं झालं आणि चार माणसं दुखावली. त्यांच्या दृष्टीने ती फायलीत कायमची गेलेली तक्रारच होती. ग्राहकाचं नावही लिहायचं नाही, आणि आजारपण किंवा रजा तर नाहीच, ग्रुपवर ती कितीही प्रेमाने लिहिलेली असली तरी.

बढतीचं पत्र याहून अवघड. वर्षपूर्तीत मागे बघायचं असतं, बढतीत मागचं काम नव्या जागेशी जोडून दाखवावं लागतं. एकदा मी ग्रुपवरचंच वाक्य उचललं: ‘ही जागा तुम्हालाच मिळायला हवी होती.’ त्या जागेसाठी आणखी दोघांनी मुलाखत दिली होती आणि पत्राची प्रत सूचनाफलकावर लागली होती. त्यातला एक पुढे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. तेव्हापासून तुलनेचा शब्द आला की मी तो खोडतो. आणि कार्यालयाचं पत्र निघेपर्यंत एक ओळही लिहीत नाही. ग्रुपला बढती नेहमीच दोन दिवस आधी कळते.

ताईंना पत्र दिलं तेव्हा त्यांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, ‘सर, खोकी तीन नव्हे, चार उघडली. आणि पहिला डाग मला नाही, माझ्याबरोबरच्या मदतनीस मुलाला दिसला. तो कंत्राटी होता, पुढच्या वर्षी सोडून गेला. त्याचं नाव घाला.’

कंत्राटी मुलांची हजेरी वेगळ्या पुस्तकात असायची. ते पुस्तक गोदामात सापडलं. तीनचे चार केले, मुलाचं पूर्ण नाव घातलं, प्रमुखांची पुन्हा सही घेतली आणि जुनी प्रत फाडली. आता पत्र लिहिण्याआधी मी त्या माणसाकडेच जातो आणि विचारतो, ‘तेव्हा तुमच्याबरोबर कोण होतं?’