राउटर निर्दोष आहे

अकरावीतला एक मुलगा घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू करतो, असं समजू. घरातल्या वायफायवर बहीण लगेच खेळायला येते. मग तो राउटरमध्ये शिरून 25565 हा पोर्ट आपल्या कॉम्प्युटरकडे वळवतो, गूगलला विचारून आपला आयपी पत्ता काढतो आणि मित्रांना पाठवतो. मित्रांच्या स्क्रीनवर बराच वेळ 'Connecting' दिसतं, मग चूक. पुढचे दोन दिवस फायरवॉल बंद करण्यात, राउटर रीसेट करण्यात जातात. व्यर्थच, कारण अडथळा घरात नाहीच.

खातरजमा पाच मिनिटांची आहे. राउटरच्या पानावर 'WAN IP' किंवा 'Internet IP' असं लिहिलेला पत्ता बघा आणि गूगलने सांगितलेल्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर निदान पक्कं. पत्त्यांचा हा पट्टा 2012 साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या 10 ने सुरू होणारे पत्तेही देतात. मात्र 192.168 दिसलं, तर आधी घरातच एकामागे एक दोन राउटर लागलेत का ते तपासा.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे पत्ते जगात जेमतेम 4.3 अब्ज. त्यांचा जागतिक साठा 2011 मध्ये वाटून संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या घरातून विनंती बाहेर गेली की कंपनीचं यंत्र आपल्या तक्त्यात नोंद करतं आणि उत्तर त्या नोंदीवरून तुमच्याकडे परत येतं. त्यामुळे यूट्यूब, बँक, दुसऱ्याच्या सर्व्हरवर खेळणं, सगळं सुरळीत. पण मित्राने बाहेरून दार ठोठावलं, तर तक्त्यात नोंदच नसते. हे पाकीट कोणत्या घरचं, ते यंत्राला कळत नाही आणि ते टाकून दिलं जातं. तुमच्या राउटरपर्यंत ते पोचतच नाही, मग तिथला पोर्ट उघडून काय उपयोग? डायनॅमिक डीएनएसही इथे कामाचं नाही. ते नाव शेवटी त्याच सामायिक पत्त्याकडे बोट दाखवतं.

सरळ उपाय म्हणजे कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागणं. बऱ्याच स्थानिक ब्रॉडबँडवाल्यांकडे तो जादा मासिक शुल्कात मिळतो. फोनवर 'स्टॅटिक आयपी' एवढंच म्हणू नका, 'पब्लिक' हा शब्द वापरा. स्थिर पण खासगी पत्ता गळ्यात पडला तर पैसे वाया.

दुसरा फुकटचा मार्ग आयपीव्ही6 चा. भारतात अनेक जोडण्यांवर तो आधीच चालू असतो आणि तिथे पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे वाटणीही नाही. राउटरच्या आयपीव्ही6 फायरवॉलमध्ये सर्व्हरच्या कॉम्प्युटरसाठी 25565 उघडायचा आणि मित्रांनी पत्ता चौकोनी कंसात टाकायचा. अडचण एवढीच की मित्राकडेही आयपीव्ही6 हवा, आणि काही राउटरांत ही फायरवॉल उघडायची सोयच नसते.

दोन्ही जमलं नाही, तर युक्ती उलटी करायची: जोडणी आपणच आतून बाहेर सुरू करायची. चार-पाच ओळखीचे मित्र असतील तर टेलस्केल पुरतं. प्रत्येकाने ते आपल्या कॉम्प्युटरवर टाकायचं, की सगळे जणू एकाच वायफायवर येतात. मित्रांना काही टाकायला लावायचं नसेल, तर playit.gg सारखी सेवा बाहेरचा पत्ता देते. पण सगळी वाहतूक तिच्या सर्व्हरवरून फिरते. तो दूरदेशी असेल, तर मारलेली तलवार उशिरा लागते.

मला पसंत पडतो तो मुंबईतला छोटा भाड्याचा सर्व्हर. त्याच्या `sshd_config` मध्ये `GatewayPorts yes` लिहायचं, ती सेवा पुन्हा सुरू करायची, तिथल्या फायरवॉलमध्ये 25565 उघडायचा आणि घरच्या कॉम्प्युटरवरून हे चालवायचं:

```
ssh -N -o ServerAliveInterval=30 -R 25565:127.0.0.1:25565 user@SERVER_IP
```

मित्र मुंबईच्या पत्त्यावर येतात आणि घरातून आधीच उघडलेल्या बोगद्यातून आत पोचतात. मधली `ServerAliveInterval` ची सूचना दर तीस सेकंदांनी हालचाल ठेवते, नाहीतर कंपनीचं यंत्र निष्क्रिय नोंद पुसून टाकतं. हे फक्त माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती यूडीपी वापरते, तिच्यासाठी वायरगार्डचा बोगदा लागतो. चाचणी घेताना घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर असलेल्या कॉम्प्युटरवरून घ्या.

दार उघडलं की अनोळखी पाहुणेही येतात, म्हणून `server.properties` मध्ये `white-list=true` ठेवा. आणि त्रासदायक खेळाडूला हाकलायचं झालं तर नावाने हाकला, आयपी पत्त्याने नको. या एसएसएच बोगद्यातून येणारे सगळे सर्व्हरला `127.0.0.1` वरूनच आलेले दिसतात. एकाला बंदी घातली की सगळेच बाहेर.