चौकट: जुळत्या कंसांचं व्याकरण

कुठे शिकवतात : अमरावती-अकोल्यात संगणक अभियांत्रिकीला, ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’मध्ये.

जुळती ओळ : उघडे आणि बंद कंस समान, शिवाय डावीकडून मोजताना बंद कंस कुठेही जास्त नाहीत. `)(` मध्ये संख्या जुळते, तरी ओळ बाद.

व्याकरण : `S → (S)S | ε`. `ε` म्हणजे रिकामी ओळ.

भलतं निघत नाही : `u`, `v` जुळत्या असतील तर `(u)v` जुळतेच. पायऱ्यांवर इंडक्शन.

काही सुटत नाही : लांबीवर इंडक्शन. मोजताना उघडे वजा बंद ही शिल्लक पहिल्यांदा जिथे शून्य होते, तिथे पहिल्या कंसाचा जोडीदार. त्याआधी ती शून्यावर येत नाही, म्हणून आतली `u` जुळती. उरलेली `v` शून्यापासून सुरू होते, तीही जुळती. दोन्ही मूळ ओळीहून लहान.

उदाहरण : `(())()`. चौथ्या चिन्हावर शून्य, `u = ()`, `v = ()`.