सारखा नियम, कुणासाठी सारखा?

अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी केलेल्या खटल्याचा निकाल 1976 साली लागला. मंदीत कामगार कमी करताना कंपनीने ‘शेवटी लागला तो आधी जाणार’ हा नियम लावला होता. वरवर तो सगळ्यांना सारखाच. पण 1964 पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. मग सेवाज्येष्ठता त्यांच्याकडे येणार कुठून? 1970 नंतर लागलेल्या साऱ्या जणी घरी बसल्या. न्यायालय म्हणालं, 1964 पूर्वीही कंपनी स्त्रियांना घेत होती, तेव्हा लिंगभेद नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंशभेदाची तक्रार वेगळ्या खटल्यात न्यावी, दोन्ही एकत्र मांडता येणार नाहीत, असंही त्याने सांगितलं. किम्बर्ले क्रेनशॉ यांनी 1989 च्या निबंधात याच निकालाची चिरफाड केली आणि ‘इंटरसेक्शनॅलिटी’, म्हणजे आंतरछेदिता, ही संकल्पना मांडली.

हीच चूक नीतिशास्त्राच्या मोठमोठ्या सिद्धांतांतही आहे, हे गेल्या काही दशकांच्या लेखनातून दिसतं. जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये एक कल्पना सुचवली. समाजाचे नियम ठरवताना आपला वर्ग, समाजातलं आपलं स्थान काय हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरायचं. या ‘अज्ञानाच्या पडद्या’आडून ठरतील ते नियम न्याय्य. सुझन मोलर ओकिन यांनी 1989 मध्ये दाखवलं की, पडद्याआडची ही माणसं कुटुंबप्रमुख म्हणून कल्पिलेली आहेत, त्यामुळे घरातल्या अन्यायाची तपासणी होतच नाही. चार्ल्स मिल्स यांचा आक्षेप वंशाबद्दल होता. आदर्श समाज कसा असावा एवढंच विचारलं, तर गुलामगिरीने घडलेल्या समाजाची भरपाई कशी करायची, हा प्रश्न बाहेरच राहतो. मिल्स यांनी पडदा फेकून दिला नाही. आपण कोण हे विसरा, पण इतिहास विसरू नका, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. तरीही घर आणि वंश ही दोन स्वतंत्र प्रकरणं मानली, तर त्या पाच जणी पुन्हा मधल्या फटीत पडतात.

महाराष्ट्राला ही फट अनोळखी नाही. दलित स्त्रिया वेगळं का बोलतात, हे गोपाळ गुरू यांनी 1995 मध्ये मांडलं. पुढे 1998 मध्ये शर्मिला रेगे यांनी दाखवलं की, दलित चळवळीत ‘दलित’ म्हणजे पुरुष आणि स्त्री चळवळीत ‘स्त्री’ म्हणजे सवर्ण, असं गृहीत धरलं जात होतं. अमेरिकेतल्या न्यायालयाचा तर्कही नेमका हाच होता. त्यांच्या आधी, 1989 मध्येच, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्यांची नोंद केली होती.

म्हणून एखादा नियम ‘सर्वांना सारखा’ असल्याचं सांगितलं गेलं, की तो लागू होण्याआधी कुणाला दाराबाहेर ठेवलं होतं, हे आधी विचारावं.