खोदाईपासून स्लॅबपर्यंत : परिमाणपत्रकातील चुकीची सूत्रे

बांधकामाच्या निविदेसोबत येणारे परिमाणपत्रक, म्हणजेच ठेकेदारांच्या बोलीतील 'बीओक्यू', घरमालक सहसा एकाच बाजूने वाचतो: दराच्या. दर महाग की स्वस्त, यावर तासन्‌तास घासाघीस होते. दराशेजारच्या रकान्यातील परिमाण कोणत्या सूत्राने आले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. दरात दहा रुपयांची सूट मिळविलेला मालक परिमाणातील चुकीपोटी त्याहून अधिक रक्कम देऊन बसतो, तो येथेच.

सर्वांत मोठी गफलत खोदाईत होते. समजा, भूमिगत पाण्याच्या टाकीसाठी ३ मीटर खोल खड्डा घ्यावयाचा आहे. तळ ४ मीटर बाय ३ मीटर. माती ढासळू नये म्हणून दर २ मीटर खोलीला १ मीटर याप्रमाणे चारही बाजूंना उतार दिला, तर प्रत्येक बाजू दीड मीटर बाहेर सरकते आणि वरचे तोंड ७ बाय ६ मीटरचे होते. तळाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, तोंडाचे ४२. या दोहोंची सरासरी २७. तिला खोलीने गुणले की ८१ घनमीटर. पत्रकात बहुधा हाच आकडा असतो आणि तो चुकीचा आहे.

चारही बाजूंनी उतरत्या खड्ड्याचे क्षेत्रफळ खोलीनुसार सरळ रेषेत वाढत नाही, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच वेळी वाढतात. म्हणून मधल्या पातळीवरचे क्षेत्रफळही घ्यावे लागते. येथे ते ५.५ गुणिले ४.५, म्हणजे २४.७५ चौरस मीटर. सूत्र असे:

```
V = h × (A1 + 4×Am + A2) / 6
```

या सूत्राने उत्तर येते ७६.५ घनमीटर. सरासरीच्या पद्धतीने साडेचार घनमीटर जास्त धरले गेले होते. याउलट केवळ मधल्या क्षेत्रफळाला खोलीने गुणणारेही असतात. त्यांचे उत्तर ७४.२५ येते आणि तोटा ठेकेदाराचा होतो. खरे उत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान असले पाहिजे, ही हाताशी ठेवण्याजोगी खूण. उत्तर १२६ आले असेल, तर वरच्या तोंडालाच सरळ खोलीने गुणले आहे असे खुशाल समजावे.

भिंतीत चूक कोपऱ्यांवर लपते. आतून ६ बाय ४ मीटरची खोली आणि २३ सेंटिमीटर जाडीची भिंत घेऊ. बाहेरून मोजलेला परिघ २१.८४ मीटर भरतो. तोच भिंतीची लांबी म्हणून धरला, तर प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो. योग्य लांबी भिंतीच्या मध्यरेषेवरची: ६.२३ आणि ४.२३ यांच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे २०.९२ मीटर. फरक ९२ सेंटिमीटरचा, अर्थात जाडीच्या बरोबर चौपट. ३ मीटर उंचीला हे सुमारे ०.६३ घनमीटर जादा वीटकाम झाले, तेही एका खोलीत. आडवी भिंत मुख्य भिंतीला जेथे भिडते, त्या प्रत्येक सांध्यावर मुख्य भिंतीची अर्धी जाडी वजा करावी लागते. दारे-खिडक्यांची वजावट झाली का, हे पाहणे ओघानेच आले.

स्लॅबमध्ये सूत्र सोपे, पण तुळई घोटाळा करते. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबखाली ४५० मिलिमीटर एकूण खोलीची तुळई असेल आणि स्लॅब संपूर्ण क्षेत्रफळावर मोजला असेल, तर तुळईची खोली केवळ ३२५ मिलिमीटर धरावयास हवी. नाहीतर वरचे काँक्रीट दोनदा मोजले जाते. २३० मिलिमीटर रुंद आणि ४ मीटर लांब अशा एका तुळईत हे ०.११५ घनमीटर, दहा तुळयांत सव्वा घनमीटरला थोडे कमी.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते ती 'ब्रास'ची. स्लॅबच्या क्षेत्रफळात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि वाळू-खडीत १०० घनफूट. पाच इंची स्लॅबचे १ ब्रास क्षेत्र म्हणजे जेमतेम ४२ घनफूट काँक्रीट. रकान्यावर एकक लिहिलेले नसेल, तर प्रथम तेच विचारावे.

पत्रक संगणकावरील तक्त्यात मिळाले असेल, तर `Ctrl` आणि `` ` `` ही कळ एकत्र दाबली की आकड्यांऐवजी सूत्रे दिसतात. एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत सूत्र सारखे असताना मध्येच एखादी ओळ वेगळी असली, किंवा सूत्राऐवजी नुसता आकडा टंकलेला आढळला, तर त्या ओळीचे लांबी, रुंदी आणि खोली हे तिन्ही आकडे नकाशावरून पुन्हा काढावेत. छापील प्रतच हाती असेल, तर खोदाईपासून सुरुवात करावी.

प्रत्यक्ष मोजमापावर देयक द्यावयाचे ठरले असेल, तर ही चूक शेवटी सुधारता येते, असा युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा. ज्या बाबीचे परिमाण फुगले आहे, तिला कमी दर लावणारा ठेकेदार निविदेत सर्वांत स्वस्त ठरतो आणि प्रत्यक्ष मोजमापानंतर तोच महाग निघू शकतो. ठोक रकमेच्या करारात तर मोजमाप पुन्हा होतच नाही. तेथे सही करण्यापूर्वीचीच तपासणी कामास येते.